रक्षाच्या औषधांचा कागद

अणशीकडच्या अनुसयेला तुम्ही काहीही विचारा, ती सांगेल. भात किती झालं, नवरा कुठं गेलाय, सासू कशी वागली, सगळं सांगेल. फक्त पिशवीत काय आहे ते विचारू नका. ते तिच्या तोंडून ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

यात तिचा एकटीचा दोष म्हणावा तर तसंही नाही. जंगलात राहणाऱ्या माणसाची जातच तशी. लहानपणापासून बाजाराला जायचं तर वाटेत जंगलखात्याचा नाका. गाडी थांबते, गार्ड आत डोकावतो, "काय आहे गं पिशवीत?" म्हणतो. पिशवीत मध असतो, बांबूचे कोंब असतात, काहीबाही असतं. गार्डचंही चुकत नाही, त्याला नेमून दिलेलं काम आहे. पण अनुसयेच्या आईनं तिला पोरवयातच शिकवून ठेवलं होतं: खालती माल, वरती लुगडं, आणि तोंडाला कुलूप. सांगितलं की गेलं. तीस वर्षं ती या एका धड्यावर चालली आणि एकदाही सापडली नाही. याचा तिला अभिमान होता, आणि तो ती कुणाला सांगू शकत नव्हती, हीच काय ती पंचाईत.

तिला एकच मुलगी, रक्षा. रक्षा सात वर्षांची असताना एकाएकी वाळायला लागली. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची, रात्रीतून चार-पाच वेळा उठायची आणि सकाळी शाळेत झोपायची. कुणी म्हणालं जंत, कुणी म्हणालं नजर. एक दिवस पोर ओकायला लागली, श्वास जोरजोरात चालला, हाक मारली तर ओ देईना. अनुसयेचा नवरा वासू, अबोल माणूस, पण त्या दिवशी तो कुणाची तरी जीप घेऊन आला आणि बेळगाव गाठूनच थांबला. तिथं मुलांच्या डॉक्टर सुप्रिया यांनी रक्त बघितलं आणि सांगितलं, साखर पाचशेच्या वर आहे, हिच्या अंगात इन्सुलिन तयार होणं बंद झालंय. ते आता बाहेरून द्यायचं. रोज. जन्मभर. एक दिवसही चुकवायचं नाही.

"गोळी न्हाई का हो बाई?" अनुसयेनं विचारलं होतं.

"मोठ्या माणसांच्या साखरेला गोळी असते. हिला नाही. हिला सुईच."

दवाखान्यात नऊ दिवस होते. पहिले दोन दिवस अनुसया रडली. तिसऱ्या दिवशी तिनं नर्सच्या हातातली सुई मागून घेतली. चौथी शिकलेली बाई, पण आकडे तिला पक्के येत होते. दोन बाटल्या असतात, एक पाण्यासारखी स्वच्छ आणि दुसरी गढूळ. गढूळ बाटली हलवायची नाही, दोन तळव्यांत हळू फिरवायची. सुईत आधी स्वच्छ ओढायचं, मग गढूळ. अनुसयेनं ते आपल्या परीनं बसवून घेतलं: "पाणी आधी, ताक मागून." नर्स हसली, पण पुढच्या बाईला शिकवताना तिनंही तेच शब्द वापरले.

घरी आल्यावर दुसरा पेच. इन्सुलिन थंड ठेवायचं, पण बर्फ होऊ द्यायचं नाही, गोठलं की ते फुकट. आणि अणशीच्या बाजूला तारेवर झाड पडलं की दोन-दोन दिवस वीज नसते. फ्रीज असून नसल्यासारखा. दवाखान्यात कुणीतरी मडक्याचं सुचवलं होतं. अनुसयेनं त्यात आपली अक्कल घातली. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधल्या जागेत ओली रेती, आत घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची डबी, डबीत बाटल्या, वरून ओलं फडकं. आणि सगळं ठेवलं मागच्या पडवीत, जिथं दिवसभर वारा खेळतो. एप्रिलमध्ये सुप्रिया डॉक्टरांनी एक थर्मामीटर दिला आणि रोजचं माप लिहून आणायला सांगितलं. घरात तेहतीस-चौतीस, मडक्यात सव्वीस. डॉक्टर कागद बघत बसल्या, मग म्हणाल्या, "अनुसयाबाई, हे मी दुसऱ्या पेशंटना सांगितलं तर चालेल?"

"सांगा की. फक्त माझं नाव नको."

म्हणजे बघा, इथंही तेच. कारण अनुसयेनं औषध मडक्यात ठेवलं होतं आणि आजार त्याहून खोल. गावात कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीची जात, उद्या लग्नाचं वय होईल, कोण म्हणेल साखरेची पोरगी करा म्हणून? शाळेतल्या शिवानंद सरांना तेवढं सांगावं लागलं, ते डॉक्टरांनी बजावलंच होतं. सरांच्या टेबलाच्या खणात ग्लुकोजची पुडी असायची. दुपारचं इंजेक्शन रक्षा सरांच्या खोलीत, दार लावून घ्यायची. मैत्रिणींनी विचारलं तर "टॉनिक हाय" म्हणायचं. पाच वर्षं हे चाललं. रक्षा बारा वर्षांची झाली, आकडा स्वतः बघायला शिकली, सुई स्वतः टोचायला शिकली आणि खोटं बोलायलाही चांगली शिकली. शेवटचं तिला आवडत नव्हतं, हे तिनं आईला दोनदा सांगून बघितलं. अनुसयेनं दोन्ही वेळा विषय भाकरीवर नेला.

आता या रक्षानं आणि तिची मैत्रीण प्रियांकानं शाळेत विज्ञानाचा प्रयोग केला. कोणता? तोच, मडक्यातल्या मडक्याचा. फलकावर काय लिहिलं? "विजेशिवाय भाजीपाला आणि लोणी टिकवण्याची सोय." प्रियांकाला बिचारीला वाटत होतं, रक्षाला हे भाजीवरूनच सुचलं. प्रयोग तालुक्याला पहिला आला, जिल्ह्याला पहिला आला, बेंगळुरात देशाच्या प्रदर्शनासाठी निवडला गेला. आणि एक दिवस शिवानंद सर घामाघूम होऊन अनुसयेच्या अंगणात आले. दिल्ली. पाच दिवस. विमानानं.

वासूनं विचारलं, "आन् औषध?"

तोच तर खरा प्रश्न होता. सरांनी आयोजकांना कळवून आईला बरोबर न्यायची परवानगी काढली होती. पण विमानात सुया कशा चालणार? बसमध्ये कुणी विचारत नाही, विमानात पिशवी यंत्रातून जाते. औषध अडलं तर रक्षा जाणार नाही. दिल्लीचं राहू दे, एक दिवस इन्सुलिन नाही मिळालं तर पोर पुन्हा त्याच खाटेवर. अनुसयेचा जीव त्या दिवसापासून टांगणीला लागला.

ती रक्षाला घेऊन बेळगावला गेली. सुप्रिया डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "चालतं सगळं. फक्त न लपवता न्यायचं. मी पत्र देते." आणि त्यांनी आपल्या नावाच्या कागदावर पत्र तयार केलं. वर तारीख, "विमानतळ सुरक्षा कर्मचारी आणि विमान कंपनीस", खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, मोबाइल नंबर. मध्ये रक्षाचं नाव, वय, आजार, आणि बरोबर काय-काय आहे त्याची यादी. इन्सुलिनच्या चार बाटल्या. सुया तीस. साखर तपासायचं यंत्र, त्याच्या पट्ट्या, बोट टोचायच्या टाचण्या. लघवी तपासायच्या पट्ट्या. ग्लुकोज. आणि एक वेगळी डबी, ग्लुकागॉन नावाच्या इंजेक्शनची, पोर बेशुद्ध पडली तर द्यायची.

"हे सगळं हातातल्या पिशवीत," डॉक्टर एकेक बोट मोडत म्हणाल्या. "खाली सामानात टाकायचं नाही. तिथं थंडीनं इन्सुलिन गोठू शकतं, आणि सामान चुकलं तर औषधही चुकलं. ही थंड पिशवी घ्या, पाण्यात भिजवायची, बर्फ नको. बाटल्या त्यांच्या खोक्यांसकट ठेवा, नाव दिसलं पाहिजे. पाच दिवसांना लागतं त्याच्या दुप्पट दिलंय. आणि आत गेल्यावर पहिल्यांदा कागद दाखवायचा, मग पिशवी. कळलं?"

"कळलं की," अनुसया म्हणाली.

तिला कळलं होतं, यात शंका नाही. पण कळणं वेगळं आणि तीस वर्षांचा हात वेगळा.

निघायच्या आदल्या दुपारी ती सामान भरायला बसली. प्रयोगाची दोन्ही मडकी हातातच न्यायची होती, खाली दिली तर फुटली असती. रेती सर दिल्लीत मिळवणार होते. मडकं मडक्याला घासू नये म्हणून मधल्या जागेत आणि आत भाताचं तूस भरलं. आणि तूस भरता भरता अनुसयेचा हात थांबला. तिनं दाराकडं बघितलं. मग सकाळपुरती एक सुई बाहेर ठेवून बाकीच्या सुयांची पाकिटं तुसात खोचली. चार बाटल्या भिजवलेल्या पिशवीसकट आतल्या मडक्याच्या तळाशी ठेवल्या. ग्लुकागॉनची डबी त्यावर. वरून तूस, तुसावर फडकं, फडक्याला सुतळी. यंत्र, पट्ट्या आणि ग्लुकोज तेवढं हातातल्या कपड्यांच्या पिशवीत. आणि डॉक्टरांचा कागद? तो चौघडी करून चोळीत. इतका मोलाचा कागद कुणी उघड्यावर ठेवतं का?

कुणी विचारलंच तर दाखवू, असं तिनं मनाशी ठरवलं. कुणी विचारू नये, हे देवाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरूनच इंजेक्शन आणि न्याहारी उरकून पाचजण निघाले: सर, दोन्ही पोरी, अनुसया, आणि सोडायला वासू. रामनगर, खानापूर करत साडेअकराला बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर पोचले. वासू दारापर्यंतच. तो रक्षाच्या डोक्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला. मग अनुसयेला म्हणाला, "कागद हाय न्हवं?"

"हाय."

आत सगळं गुळगुळीत आणि गार. मोठं सामान गेलं, पास मिळाले, आणि ते तपासणीच्या रांगेत आले. पुढं पट्टा सरकत होता, ट्रे त्यात जात होते. वर्दीवाली माणसं उभी होती. अनुसयेला ते यंत्र नवीन होतं, वर्दी जुनीच. तिचं तोंड आपोआप मिटलं.

"औषध, द्रव पदार्थ, धारदार काही आहे का?" पट्ट्याजवळच्या माणसानं कानडीत विचारलं.

शिवानंद सर पुढं, पोरींचे ट्रे लावण्यात गुंतलेले. अनुसयेनं मान हलवली. नाही. पाच वर्षं जे औषध तिनं जिवापेक्षा जपलं, ते तिथं तिनं एका मानेच्या हिसक्यात नाकारलं.

मडकं आत गेलं. पट्टा थांबला. पट्टा मागं आला, पुन्हा पुढं गेला. पडद्यासमोर बसलेल्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. तिसरा अधिकारी होता, छातीवर योगेश नावाची पट्टी, चाळिशीचा, डोळ्यांखाली जागरण. त्यानं मडकं उचलून बाजूच्या टेबलावर ठेवलं.

"हे कुणाचं?"

"आमचं सर, सायन्स मॉडेल," शिवानंद सर धावत आले. "मुलींचा प्रयोग आहे, दिल्लीला."

"प्रयोगात सुया कशाला आहेत?"

सरांनी अनुसयेकडं बघितलं. त्यांचा चेहरा पडला. बिचाऱ्यांना वाटत होतं औषधं पिशवीत आहेत आणि कागद वर आहे. प्रियांका रक्षाकडं बघत होती, रक्षा फरशीकडं. अधिकाऱ्यानं सुतळी सोडली, फडकं काढलं आणि तूस बाजूला करत एकेक वस्तू बाहेर काढली. सुयांचं एक पाकीट. दुसरं पाकीट. ओली पिशवी. डबी. टेबलभर तूस झालं. मागच्या रांगेतली माणसं माना उंचावून बघायला लागली.

"अक्का," तो म्हणाला, आवाज न चढवता, "तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात. बाटल्या आणि सुया मडक्यात लपवून आणल्यात. आता मी काय समजायचं?"

नाक्यावर असंच झालं की माणूस गप्प बसतो. माल जातो, आपण घरी येतो. पण इथं माल सोडून घरी येता येत नव्हतं.

शिवानंद सर हळूच तिच्या कानाशी म्हणाले, "वेळ जातोय. हे इथंच राहू देऊया का? दिल्लीत दुकानातून नवीन घेऊ. मी बघतो."

आणि गंमत बघा, अधिकाऱ्यानं जे झालं नाही ते सरांच्या या चांगुलपणानं झालं. अनुसया ताडकन वळली.

"सर, तिथल्या दुकानात कुठलं माप देतील तुम्हाला ठाव हाय? बाटली चाळीस युनिटची न् शंभरची वेगळी असते. सुईपण वेगळी. चाळीसला लाल टोपणाची, शंभरला नारिंगी. शंभरची बाटली घेतली न् सुई आपली लाल वापरली तर अडीच पट औषध पोटात जाईल पोरीच्या. झोपंतच राहील ती. काय बघणार तुम्ही?"

अधिकाऱ्याचा हात तुसातच थांबला.

"कोणाच्या पोटात?" त्यानं विचारलं.

तेव्हा रक्षानं मान वर केली. "आई, कागद दे," ती म्हणाली. "आता तरी दे."

अनुसयेनं पाठ फिरवली आणि चोळीतून कागद काढला. घामानं ओलसर झाला होता, पण शिक्का शाबूत होता. अधिकाऱ्यानं तो दोन बोटांनी उलगडला आणि वाचायला लागला. वाचता वाचता यादी आणि टेबल ताडून बघत होता. बाटल्या चार, बरोबर. बाकीचं कपड्यांच्या पिशवीतून काढून दाखवलं, तेही बरोबर. सुया त्यानं दोनदा मोजल्या.

"पत्रात तीस लिहिल्यात. या एकोणतीस आहेत. एक कुठं आहे?"

"कागद सोमवारचा हाय," अनुसया म्हणाली. "एक सुई आज सकाळची." आणि तिनं कपड्यांतून एक जाड प्लॅस्टिकची बाटली काढली, फिरकीच्या झाकणाची. आत वापरलेली सुई. "वापरलेली कुठं टाकत न्हाई मी. कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागंल. भरली की बेळगावला दवाखान्यात देते."

त्यानं डॉक्टरांचा नंबर लावला. वाजला, वाजला, बंद झाला. दुपारची वेळ, डॉक्टर वॉर्डात असणार. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा तेच. शिवानंद सर घड्याळ बघत होते. अधिकारी पत्राच्या शेवटच्या परिच्छेदावर आला, थांबला, परत वरून वाचला.

"अक्का, यात काय लिहिलंय तुम्हाला माहीत आहे का?"

"इंग्रजी न्हाई येत मला."

"शेवटी लिहिलंय ते सांगतो." आणि त्यानं ते हळूहळू, शब्द जुळवत, आधी कानडीत आणि मग आपल्या तोडक्या मराठीत सांगितलं. "या औषधांबद्दल काही शंका आली आणि माझा फोन लागला नाही, तर रक्षाच्या आईला, श्रीमती अनुसया यांना विचारावं. गेली पाच वर्षं या मुलीचा प्रत्येक डोस त्यांनी सांभाळला आहे. त्या काळात मुलीला एकदाही दवाखान्यात दाखल करावं लागलेलं नाही. मी ज्या पद्धतीनं इतर पालकांना औषध थंड ठेवायला शिकवते, ती त्यांची आहे. त्यांचं उत्तर माझंच उत्तर समजावं."

अनुसया ऐकत राहिली. तिचं नाव कागदावर यायचं ते रेशनच्या नाहीतर मतदारांच्या यादीत, तेही वासूच्या नावाखाली. इथं ते एकटं होतं, आणि त्याच्यापुढं इतकं सगळं लिहिलेलं. नाव घालू नका म्हटलं होतं बाईंना. घातलंच त्यांनी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला, आणि या दोन्हींच्या वर आणखी काहीतरी आलं, ज्यानं तिची पाठ सरळ झाली.

"मग," अधिकारी म्हणाला, "तुम्हालाच विचारतो. सांगा."

आणि मग अनुसया बोलायला लागली. मराठीत सुरू केलं, मध्ये कानडीत गेली, परत मराठीत आली. एकेक वस्तू उचलून टेबलावर ओळीनं मांडली. हे स्वच्छ, जेवणाआधी द्यायचं, अर्ध्या तासानं जेवण झालंच पाहिजे. हे गढूळ, सकाळ-संध्याकाळ. हे यंत्र, बोटाचं थेंबभर रक्त. सत्तरच्या खाली आकडा आला, हात थरथरले, घाम सुटला, की हे ग्लुकोज, तीन चमचे पाण्यात, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा आकडा बघायचा. या पट्ट्या लघवीच्या, साखर लई वाढली तर. अडीचशे-तीनशेच्या वर राहिली की तपासायचं.

"आणि ही डबी?"

"ती देवानं कधी उघडायला लावू नये." अनुसयेनं डबी हातात घेतली. "पोरगी बेशुद्ध पडली तर तोंडात काय घालायचं न्हाई. साखर न्हाई, पाणी न्हाई. श्वासात जाईल. हिच्यात पूड हाय, सुईत पाणी हाय. पाणी पुडीत सोडायचं, विरघळलं की परत ओढायचं, मांडीत द्यायचं, आन् पोरीला कुशीवर वळवायचं. जागी झाली की गोड द्यायचं. ही विमानात माझ्या मांडीवर पायजे. वरच्या कप्प्यात ठेवली आन् तवाच लागली तर कोण काढत बसणार?"

पडद्यासमोर बसलेला माणूसही खुर्ची वळवून ऐकत होता.

"एवढं सगळं येतंय तुम्हाला," योगेश म्हणाला, "मग लपवलं कशाला? पहिल्यांदाच सांगितलं असतं तर दोन मिनिटांत सोडलं असतं. रोज कुणी ना कुणी इन्सुलिन घेऊन जातं इथून."

"रोज?" अनुसयेनं विचारलं.

"रोज. म्हातारी माणसं, पोरं, एक तर पायलट होता."

तिनं खरं ते सांगितलं. "सवय हाय. सांगितलं की काढून घेतात, असं वाटतं."

तो हसला नाही. कागद नीट घडी करून त्यानं तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "हा आता आत ठेवू नका. हातात धरा. दिल्लीहून येताना पट्ट्यावर ठेवायच्या आधी बोला." मग त्यानं स्वतः तूस गोळा करायला हात लावला. अनुसयेनं त्याला थांबवलं. औषधं तिनं थंड पिशवीत घातली, पिशवी खांद्याला लावली. मडक्यात नुसतं तूस गेलं.

पलीकडं खुर्च्यांवर बसले तेव्हा विमानाला दीड तास होता. शिवानंद सर पाणी आणायला गेले, खरं म्हणजे दोन मिनिटं एकटं बसायला गेले. प्रियांका रक्षाशेजारी बसली होती. शेवटी ती म्हणाली, "टॉनिक म्हणालीस की तू."

"आई म्हणाली सांगू नको," रक्षा म्हणाली.

"मडकं पण भाजीचं न्हाई व्हय?"

"न्हाई. औषधाचं. आईचं हाय ते."

प्रियांकानं त्यावर विचार केला. "मग तसंच लिवायला पायजे होतं की. बेंगळुरातबी पयला नंबर आला असता."

अनुसया हे ऐकत होती आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होती. जेवायची वेळ झाली होती. डब्यात भाकरी आणि मुगाची उसळ होती. रक्षानं बोट टोचलं, थेंब पट्टीवर धरला. आकडा एकशे अठ्ठेचाळीस. अनुसयेनं स्वच्छ बाटलीतून मोजून सहा युनिट ओढले, बुडबुडा टिचकीनं वर काढला, सुई डोळ्यांसमोर धरून खात्री केली. रक्षा सवयीनं उठली आणि बायकांच्या शौचालयाकडं बघायला लागली. पाच वर्षांत बाहेर कुठंही गेलं की असंच व्हायचं, घाणेरड्या दाराआड, एका पायावर.

"बस," अनुसया म्हणाली.

"इथं?"

"इथंच. शौचालयात कशाला? स्वच्छ हाय का ते?"

रक्षा बसली. समोरच्या ओळीत एक साहेब वर्तमानपत्र वाचत होता, त्याच्या बाजूला बाई आणि दोन मुलं. रक्षानं सदऱ्याचं टोक जरासं उचललं, पोटाची चिमूट धरली आणि सुई टोचली, दहा आकडे मनात मोजले, सुई काढली. प्रियांका टक लावून बघत होती. समोरच्या बाईनं आपल्या मुलाला कोपरानं ढोसलं आणि तोंड वळवायला सांगितलं. मग तिनंही हळूच बघितलंच.

अनुसयेनं वापरलेली सुई बाटलीत टाकली, झाकण फिरवलं. मग मान वर केली आणि त्या बाईच्या डोळ्याला डोळा दिला.

"साखर हाय तिला," ती म्हणाली, सगळ्या ओळीला ऐकू जाईल इतक्या आवाजात. "माझी पोरगी. दिल्लीला चाललीय. बघू द्या तुमच्या पोराला, काय बिघडत न्हाई."